सौरपटलातील एकच दाणा

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवारांत सौरपंप हे दृश्य आता नवलाईचे राहिलेले नाही. केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेतून असे पंप येऊ लागलेच होते. २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजना आणल्यावर त्यांची संख्या आणखी वाढली. विहिरीच्या काठी दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली ही काळीभोर पटले शेतकऱ्याच्या परिचयाची झाली आहेत. परंतु त्यांतील एक खूण फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पटलावर चौकोनी तुकडे ओळीने मांडलेले असतात आणि पुष्कळशा पटलांत या तुकड्यांचे कोपरे छाटलेले असतात. चार तुकड्यांचे कोपरे जेथे एकत्र येतात, तेथे पत्त्यांतील चौकटच्या एक्क्यासारखी मोकळी जागा राहते. तुकडा पुरता चौकोनी ठेवला असता तर तेवढ्या जागेवरचे ऊन वाया गेले नसते. मग कोपरे छाटले कशासाठी?

याचे उत्तर असे की, हा तुकडा जन्मतः चौकोनी नसतो. तो एका लांब, गोल दंडातून कापलेला असतो आणि तो दंड गोल असतो, कारण तो वितळलेल्या सिलिकॉनमधून फिरवीत फिरवीत वर ओढून काढलेला असतो. तो संपूर्ण दंड, माणसाच्या छातीइतका उंच असला तरी, एकच अखंड स्फटिक असतो. छाटलेला कोपरा ही त्या जन्माची खूण होय. तो दंड तसाच का वाढवावा लागतो, आणि त्यात शुद्धता व दिशा या दोन गोष्टींचा एवढा आग्रह का, हे पाहिले म्हणजे सौरपटलाची किंमत आणि त्यामागचे परावलंबन या दोहोंचाही उलगडा होतो.

साखरेचा दाणा आणि सिलिकॉनचा दाणा

मराठवाड्याच्या वाचकाला स्फटिक म्हणजे काय हे सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. लातूरजवळचा मांजरा कारखाना घ्या किंवा नांदेड जिल्ह्यातील भाऊराव चव्हाण कारखाना घ्या. गळिताच्या हंगामात तेथे दररोज स्फटिकच तयार होत असतात. आटवलेला पाक पॅनमध्ये योग्य त्या घट्टपणाला आला की त्यात साखरेची अत्यंत बारीक पूड सोडतात. पुडीचा प्रत्येक कण हे एक बीज असते. पाकातील साखर त्या बीजावर थर देत जाते आणि दाणा मोठा होतो. या प्रक्रियेची दुसरी बाजू अशी की, वाढणारा दाणा साखरेचे रेणू आपल्यात सामावून घेतो, पण पाकातील इतर घाण शक्यतो बाहेर ठेवतो. म्हणूनच काळ्या पाकातून पांढरा दाणा निघतो आणि नाकारलेले सारे मळीत साचत जाते.

सिलिकॉनच्या भट्टीत हीच दोन तत्त्वे काम करतात. बीजावर वाढ होते, आणि वाढ होताना घाण बाहेर टाकली जाते. फरक एवढाच की, साखरेच्या पॅनमध्ये कोट्यवधी दाणे हवे असतात आणि येथे एकच दाणा हवा असतो. दोन दाणे एकमेकांस भिडले की त्यांच्यामध्ये सीमा तयार होते, आणि त्या सीमेवर अणूंच्या रांगा जुळत नाहीत. सूर्यप्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन अशा सीमेपाशी अडकून पडतो आणि वीज होण्याऐवजी उष्णता होऊन विरतो. काही वर्षांपूर्वीची निळसर पटले ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्यांतील काचेच्या तुकड्यांसारखी नक्षी आठवेल. ती नक्षी म्हणजे अनेक दाण्यांच्या सीमा होत. ते बहुस्फटिकी सिलिकॉन होते. साच्यात ओतून गोठविल्यामुळे ते स्वस्त पडे, परंतु तेवढ्याच उन्हात वीज कमी देई. आजच्या एकरंगी काळ्या पटलात ती नक्षी नसते, कारण तेथे सीमाच नसते.

वितळण्यापूर्वीची शुद्धी

वाढता स्फटिक घाण बाहेर टाकतो खरा, पण सगळी घाण सारख्याच कठोरपणे टाकीत नाही. येथेच या उद्योगाची सर्वांत मोठी अडचण आणि सर्वांत मोठी सोय आहे.

लोह घेऊ. वितळलेल्या सिलिकॉनमध्ये लोहाचे सव्वा लाख अणू असतील तर गोठणाऱ्या थरात त्या प्रमाणात सुमारे एकच शिरतो; बाकीचे द्रवातच राहतात. आता बोरॉन घेऊ. द्रवात बोरॉनचे दहा अणू असतील तर आठ घनात जाऊन बसतात. बोरॉनचा अणू सिलिकॉनच्या जागी बेमालूम बसू शकतो आणि म्हणून स्फटिक त्याला परका मानीत नाही. तात्पर्य, लोहासारख्या धातूंची साफसफाई स्फटिक स्वतःच करतो, परंतु बोरॉनच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. बोरॉन आधीच काढून टाकावा लागतो.

त्यासाठी रसायनशास्त्राचा आडमार्ग धरावा लागतो. गारेचा दगड कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापविला म्हणजे जे सिलिकॉन मिळते, ते शेकडा ९८-९९ शुद्ध असते. पोलादाच्या कारखान्याला ते चालते. सौरपटलाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून या सिलिकॉनची हायड्रोजन क्लोराइड वायूशी प्रक्रिया करून त्याचे ट्रायक्लोरोसिलेन नावाच्या द्रवात रूपांतर करतात. हा द्रव सुमारे ३२ अंश सेल्सिअसला उकळतो. नांदेडच्या मे महिन्यातल्या दुपारी तो उघड्यावर ठेवला तर विस्तवाशिवाय उकळू लागेल. इतक्या सहज उकळणाऱ्या द्रवाचे ऊर्ध्वपातन पुनःपुन्हा करता येते, आणि प्रत्येक वेळी बोरॉन व फॉस्फरसची संयुगे मागे किंवा पुढे निघून वेगळी होतात. शेवटी ती वाफ हायड्रोजनबरोबर तापलेल्या सळ्यांवरून नेतात. सळईवर शुद्ध सिलिकॉनचे पुट चढत जाते. एक अब्ज अणूंत परका अणू एखादाच, अशी ही शुद्धता असते. परंतु हे सिलिकॉन असंख्य बारीक दाण्यांचे असते. शुद्धता आली, एकपणा अद्याप यावयाचा आहे.

बीज, मान आणि खांदा

एकच दाणा वाढविण्याची रीत यान चोक्राल्स्की या पोलिश धातुशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १९१६ साली बर्लिन येथे काम करीत असता त्याने दौतीऐवजी वितळलेल्या कथलाच्या मुशीत टाक बुडविला आणि वर काढताना टोकाला गोठलेल्या धातूची एक तार निघाली, असे सांगतात. ती तार एकच स्फटिक होती. सिलिकॉनला ही रीत लावण्याचे काम १९५० नंतर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील व अर्नेस्ट ब्यूलर यांनी केले.

भट्टीत क्वार्ट्झची मूस असते आणि तिच्याभोवती ग्राफाइटचे तापक. हवा काढून टाकून आरगॉन वायू सोडलेला असतो. शुद्ध सिलिकॉनचे तुकडे १,४१४ अंशांना वितळतात. मग वरून तारेला टांगलेला बोटभर जाडीचा बीजस्फटिक खाली येतो आणि द्रवाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकतो. द्रवाचे तापमान एवढे काटेकोर ठेवलेले असते की बीज वितळूनही जात नाही आणि भोवतालचा द्रव एकदम गोठतही नाही. बीज हळूहळू फिरवीत वर ओढले जाते. मूस उलट दिशेने फिरत असते. बीजाच्या टोकाशी द्रवाचे अणू बीजातील अणूंच्या रांगा पुढे चालू ठेवीत गोठत जातात.

येथे पहिले संकट उभे राहते. थंड बीज उकळत्या द्रवाला टेकताच त्याला उष्णतेचा धक्का बसतो आणि त्यातील अणूंच्या काही रांगा मोडतात. मोडलेली रांग पुढील वाढीतही उतरत जाते, जशी विटांच्या पहिल्या थरातील चूक भिंतभर वर चढते. विल्यम डॅश याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय काढला. सुरुवातीला ओढण्याचा वेग वाढवून स्फटिक मुद्दाम तीन-चार मिलिमीटर जाडीचा, बारीक ठेवावयाचा. रांग मोडण्याच्या पातळ्या दंडाच्या अक्षाशी तिरप्या असतात; त्यामुळे दोष सरळ वर-खाली न चालता तिरपा चालतो आणि एवढ्या बारीक मानेत लवकरच बाजूच्या पृष्ठभागाशी येऊन संपतो. दहा-पंधरा सेंटिमीटर मान झाली की आत एकही मोडलेली रांग उरत नाही. मग वेग कमी करून खांदा रुंदावू देतात आणि पुढे दंडाचे मुख्य अंग वाढू लागते. शंभर किलोच्या आसपासचा तो दंड शेवटपर्यंत त्या पेन्सिलीहून बारीक मानेवरच टांगलेला असतो.

वाढ बिघडली हे भट्टीच्या झरोक्यातून कसे कळते? दंडाच्या अंगावर चार समान अंतरांवर चार उभ्या रेघा उठलेल्या असतात. स्फटिकाच्या अंतर्गत रचनेची ती बाहेर उमटलेली सावलीच म्हणावी. मुशीतून सुटलेला क्वार्ट्झचा एखादा कण वाढीच्या सीमेवर येऊन चिकटला, किंवा तापमान एकदम हलले, तर रांगा मोडतात आणि त्या चार रेघा नाहीशा होतात. रेघ गेली की कामगार ओळखतो, येथून पुढे एकस्फटिक राहिलेला नाही. बहुधा तो भाग पुन्हा द्रवात बुडवून वितळवावा लागतो आणि बीजापासून आरंभ करावा लागतो.

ज्वारीचा अर्धा दाणा

शुद्ध सिलिकॉनमधून वीज नीट वाहत नाही. म्हणून त्यात एक परका अणू मोजून मिसळावा लागतो. एवढ्या कष्टाने बोरॉन काढून टाकल्यावर पुन्हा बोरॉनच घालावयाचा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु काढलेला बोरॉन बेहिशेबी होता. घातलेला बोरॉन हिशेबाचा आहे.

हा हिशेब शंभर किलो सिलिकॉनच्या मुशीवर करून पाहू. नेहमीच्या सौरपेशीसाठी घनात दर एक कोटी सिलिकॉन अणूंमागे सुमारे तीन बोरॉनचे अणू हवेत. द्रवातील दहापैकी आठच घनात जातात, म्हणून द्रवात थोडे अधिक, म्हणजे कोटीमागे पावणेचार हवेत. बोरॉनचा अणू सिलिकॉनच्या अणूपेक्षा पुष्कळ हलका आहे, हे लक्षात घेतले की शंभर किलोसाठी लागणारा बोरॉन निघतो सुमारे १४ मिलिग्रॅम. ज्वारीच्या एका दाण्याचे वजन साधारण याच्या दुप्पट भरते. म्हणजे एका क्विंटलात ज्वारीच्या अर्ध्या दाण्याइतका बोरॉन. एवढे सूक्ष्म वजन तराजूवर चुकण्याची भीती असते, म्हणून आधीच बोरॉन मिसळून ठेवलेल्या सिलिकॉनचे तुकडे त्या हिशेबाने मुशीत टाकतात.

येवढ्याने भागत नाही. घन बोरॉन थोडा कमी घेतो, म्हणून जसजसा दंड वाढतो तसतसा उरलेला द्रव बोरॉनने दाट होत जातो. नव्वद टक्के द्रव गोठेपर्यंत दंडाच्या शेंड्यापेक्षा बुडाशी बोरॉन सुमारे दीडपटीहून थोडा अधिक झालेला असतो. बोरॉनऐवजी फॉस्फरस वापरला तर स्फटिक त्याला जास्त नाकारतो आणि तोच फरक साडेचारपटीच्या आसपास जातो. एकाच दंडाच्या दोन टोकांच्या चकत्यांचा विद्युत्‌रोध इतका वेगळा पडतो की त्या वेगवेगळ्या वर्गांत घालाव्या लागतात. लोहाचेही असेच होते. शेंड्याशी लोह जवळजवळ नसतेच. बुडाशी येता येता द्रवातील लोह दहापट दाट झालेले असते. म्हणून शेवटचा द्रव मुशीत तसाच सोडून देतात. साखर कारखान्याच्या भाषेत बोलावयाचे तर ती या भट्टीची मळीच होय.

लोहाची एवढी धास्ती का, तेही पाहिले पाहिजे. बोरॉन सिलिकॉनच्या रांगेत बसतो. लोह रांगांच्या मधल्या फटीत घुसते. प्रकाशाने मोकळ्या केलेल्या इलेक्ट्रॉनला ते वाटेत धरते. सिलिकॉनच्या पाचशे कोटी अणूंमागे लोहाचा एक अणू आला तरी पेशीची वीज देण्याची क्षमता घटू लागते. कोटीत तीन बोरॉन उपकारक, आणि पाचशे कोटीत एक लोह अपायकारक, असा हा विषम व्यवहार आहे. शुद्धता म्हणजे केवळ परके अणू किती, एवढाच प्रश्न नव्हे. ते कोणते आणि कोठे बसलेले आहेत, हाही प्रश्न आहे.

आणखी एक परका अणू मुशीतूनच येतो. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. तापलेला द्रव मुशीची भिंत हळूहळू विरघळवीत असतो आणि तेथला थोडा ऑक्सिजन दंडात उतरतो, दहा लाख अणूंमागे सुमारे वीस इतका. एरवी तो फारसा त्रास देत नाही. परंतु बोरॉन आणि ऑक्सिजन एकत्र असले आणि वर ऊन पडले, की त्यांच्या जोडीने एक दोष तयार होतो. त्यामुळे बोरॉनयुक्त नव्या पटलाची क्षमता पहिल्या काही दिवसांच्या उन्हातच दोन-तीन टक्क्यांनी उतरत असे. हा दोष पेशीच्या कारागिरीत नव्हता. तो दंड वाढत असतानाच त्यात शिरलेला होता. मुशीचा ऑक्सिजन टाळता येत नव्हता, म्हणून कारखान्यांनी बोरॉनच बदलला. काहींनी गॅलियम घेतले, तर आजच्या पुष्कळशा पटलांत फॉस्फरस आहे. त्याची किंमत म्हणून दोन टोकांतील तो मोठा फरक सांभाळणे आले.

दिशा कशाला हवी?

साखरेच्या दाण्याला दिशा विचारीत नाहीत; सिलिकॉनच्या दंडाला विचारावी लागते. स्फटिकात अणू नियमाने मांडलेले असतात, म्हणून तो कोणत्या अंगाने कापला यावर कापलेल्या पृष्ठावरील मांडणी ठरते. ज्वारीच्या शेतात ओळींच्या सरळ रेषेत उभे राहिले तर मोकळ्या पाटा दिसतात आणि आडवे पाहिले तर धाटांची भिंत दिसते, त्यातलाच हा प्रकार. घनाच्या सपाट बाजूला समांतर असलेल्या पृष्ठाला शास्त्रज्ञ (१००), म्हणजे एक-शून्य-शून्य, म्हणतात. घनाचा कोपरा तिरपा छाटला की दिसते ते (१११). यांतले कोणते पृष्ठ चकतीला मिळावयाचे हे बीजच ठरविते. बीज ज्या दिशेने टांगले, त्याच दिशेने दंड वाढतो. मागाहून त्यात बदल करता येत नाही.

सौरपेशीसाठी (१००) घेतात, आणि त्याचे कारण प्रकाशात आहे. गुळगुळीत सिलिकॉन आरशासारखे चमकते आणि त्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा परत फेकते. चकती गरम कॉस्टिकच्या द्रावणात बुडविली की ते द्रावण (१००) पृष्ठ भराभर खाते, पण (१११) पृष्ठापाशी आल्यावर त्याचा वेग अतिशय मंदावतो, कारण तेथे अणू अधिक घट्ट बांधलेले असतात. परिणाम असा होतो की, खाऊन खाऊन जे उरते ते चारी बाजूंनी (१११) पृष्ठांनी वेढलेले, डोळ्यांना न दिसणारे लहान लहान पिरॅमिड. प्रत्येकाच्या बाजूचा उतार सुमारे पंचावन्न अंशांचा असतो. कुणी तो कोरीत नाही, तो स्फटिकाच्या रचनेतच असतो. एका बाजूवरून परावर्तित झालेला किरण शेजारच्या बाजूवर आदळतो आणि त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. परावर्तन उतरून दहा टक्क्यांच्या आसपास येते. पटल काळे दिसते ते रंगामुळे नव्हे, तर प्रकाश परत येत नाही म्हणून. बहुस्फटिकी चकतीत प्रत्येक दाण्याची दिशा निराळी असल्यामुळे हे पिरॅमिड सर्वत्र साधत नाहीत. तिची निळसर चमक ही त्याचीच साक्ष.

गणकयंत्रांच्या चिपांसाठीही मुख्यतः (१००) चकतीच वापरतात. तेथील कारण वेगळे. सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर चढविला की दोहोंच्या सांध्यावर काही अणूंचे बंध मोकळे राहतात आणि ते विद्युत्‌प्रवाहात अडथळा आणतात. (१००) पृष्ठावर असे मोकळे बंध तुलनेने कमी राहतात. चकतीची दिशा काटेकोर तपासावयाची तर क्ष-किरण लावतात. पण फुटलेली चकतीही बरेच सांगून जाते. (१००) चकती काटकोनात फुटण्याकडे झुकते, (१११) चकती त्रिकोणी तुकडे देते.

तारेची करवत

दंड थंड झाला की शेंडा व शेपूट छाटतात आणि चार बाजू कापून त्याला चौकोनी रूप देतात. येथे तो छाटलेल्या कोपऱ्याचा निर्णय होतो. २१ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसणारा पूर्ण चौकोन काढला तर दंडाचा ६४ टक्केच भाग कामी येतो. चौकोन थोडा मोठा घेऊन कोपरे गोल राहू दिले तर ७० टक्के. पटलावरची थोडी जागा गमावून महागडे सिलिकॉन वाचवावयाचे, असा हा सौदा आहे. अलीकडच्या मोठ्या चकत्यांत ही छाट बरीच लहान झाली आहे.

मग तो चौकोनी दंड तारांच्या जाळ्यावर दाबतात. एकच लांबलचक तार खाचांच्या रुळांवरून हजारो फेरे घेते, आणि सारे फेरे एकदमच दंडातून उतरतात. पूर्वी साध्या पोलादी तारेवर कठीण पुडीचा राड सोडीत. चकतीची जाडी ०.१८ मिलिमीटर असे आणि तार व राड मिळून जवळजवळ तेवढेच, ०.१५ मिलिमीटर, सिलिकॉन भुसा होऊन जाई. आता तारेवरच हिऱ्याचे कण बसविलेले असतात; चकती ०.१५ मिलिमीटरची आणि भुसा ०.०६ मिलिमीटरचा. एक मीटर दंडातून पूर्वी तीन हजार चकत्या निघत, आता सुमारे चार हजार सातशे. कापताना पृष्ठाखाली सूक्ष्म तडे जातात; तो थर कॉस्टिकमध्ये विरघळवून टाकतात. एखादा तडा आत राहून गेला तर चकती पुढे पटल बनवितानाच फुटते.

आता शंभर किलोच्या त्या मुशीचा शेवटचा हिशेब मांडता येतो. २१ सेंटिमीटर जाडीच्या एक मीटर दंडाचे वजन ८० किलो भरते. मिनिटाला एक मिलिमीटर या वेगाने तो वाढावयास जवळजवळ सतरा तास लागतात. वितळविणे, मान काढणे, थंड करणे निराळे. त्या ८० किलोंपैकी ४० किलोच चकत्यांत उतरते. प्रत्येक चकतीची पेशी भर उन्हात सुमारे पाच वॉट देते. मोडतोड वजा जाता वीस-बावीस किलोवॉट होतात. तीन अश्वशक्तीच्या सौरपंपाला तीन किलोवॉटची पटले लागतात. म्हणजे तो एक दंड सात विहिरींना पुरतो.

भट्टी कोठे आहे?

त्या सात विहिरी लातूर-नांदेडच्या असू शकतात. भट्टी मात्र येथे नाही. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक चकत्या चीनमध्ये होतात. भारताने प्रयत्न केलाच नाही असे नव्हे. १९८० च्या दशकात तमिळनाडूतील मेट्टूर येथे मेटकेम कंपनीने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीने शुद्ध सिलिकॉन बनविले होते. ते उत्पादन टिकले नाही. दंड वाढवून चकत्या कापण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते २०२४ मध्ये, गुजरातेतील मुंद्रा येथे. तयार पेशी काचेत बसवून पटल जोडण्याचे कारखाने त्यामानाने सहज उभे राहिले, कारण जोडणी वीज थांबली तर थांबते आणि वीज आली की पुन्हा चालू होते.

दंडाच्या भट्टीला ती मुभा नाही. सिलिकॉन पाण्यासारखे आहे. गोठताना ते आक्रसत नाही, सुमारे दहा टक्क्यांनी फुगते. वीज गेली आणि मुशीतला द्रव गोठला, तर तो मूस फोडतो, अर्धवट दंड त्यात अडकतो, आणि उरलेला द्रव खालच्या ग्राफाइटवर उतरला तर भट्टीच निकामी होते. म्हणून अशा कारखान्याला दिवसरात्र, वर्षभर न तुटणारी वीज लागते. भट्ट्यांच्या भिंती थंड ठेवावयास आणि चकत्या धुवावयास पाणी लागते, आणि धुण्याचे पाणी क्षारहीन केलेले असावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या लातूरला या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येथील काही साखर कारखाने बगॅसपासून वीज करतात, पण ती मुख्यतः गळिताच्या हंगामात. भट्टीला हंगाम नसतो.

ऊन मराठवाड्याला मुबलक मिळाले आहे आणि गार दगडही जगात दुर्मीळ नाही. या दोहोंच्या मधले अंतर पार करावयाचे तर सतरा तास मिनिटाला एक मिलिमीटर वर चढणारा तो दंड हवा, आणि त्या सतरा तासांत त्याच्या अंगावरच्या चार रेघांपैकी एकही पुसली जाता कामा नये.